-x² मध्ये आधी वर्ग की आधी ऋणचिन्ह? एक्सेल आणि भाची एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला

मृण्मयी_द

माझी भाची दहावीत आहे. काल तिला एका बहुपदीचा आलेख काढून दाखवत होते:

y = -x² - 4x + 1

x² च्या आधी ऋणचिन्ह आहे, म्हणजे आलेख उलट्या वाटीसारखा यायला हवा, एवढं माझं ज्ञान. A रकान्यात -5 पासून 1 पर्यंतच्या किमती भरल्या, शेजारी फॉर्म्युला लिहिला आणि खाली ओढला:

```
=-A2^2-4*A2+1
```

किमती अनुक्रमे 46, 33, 22, 13, 6, 1, -2 अशा आल्या. आलेख नुसता डावीकडून उजवीकडे घसरत गेला, उलटी वाटी कुठेच दिसेना. मी हाताने x = -3 साठी करून पाहिलं तर 4 आलं, एक्सेल 22 म्हणतंय. भाचीला वहीत वेगळं करायला सांगितलं, तर तिचंही 22! ती म्हणाली, "मावशी, माझं आणि कॉम्प्युटरचं जुळतंय, तुझंच चुकलंय."

नंतर मी तीच पदं उलट क्रमाने लिहिली, `=1-4*A2-A2^2`, तर एक्सेलनेच 4 दिलं. आता पदांची अदलाबदल केल्यावर उत्तर बदलायचं काहीच कारण नाही ना? कोण चुकतंय आणि कुठे, कोणी नीट सांगेल का?

---

शिरीष_७१

कंस द्या. `=-(A2^2)-4*A2+1`. काम झालं.

---

पिंगळा

एक्सेल बरोबर आहे, असं माझं मत. -3 ही संख्यारेषेवरची एक संख्या आहे. ते चिन्ह तिच्या अंगाचाच भाग. मग -3² म्हणजे त्या संख्येचा वर्ग, म्हणजे 9. वजाबाकी व्हायला दोन संख्या लागतात. इथे डावीकडे काही नाहीच, तर वजा कशातून करणार?

---

सायली_क

हे म्हणजे ते 8÷2(2+2) वालंच ना? आमच्या घरच्या गटात त्यावरून दोन दिवस वाद झाला होता. माझं उत्तर 16. कोणाचं 1 आलं का?

---

मास्तर_निवृत्त

सायलीताई, ते कोडं वेगळं आहे. तिथे भागाकार आधी की चिन्हाशिवाय लिहिलेला गुणाकार आधी, हा वाद आहे आणि तो मुळात लिहिण्याच्या ढिलाईतून येतो. मृण्मयीताईंच्या प्रश्नात गणिताची बाजू पक्की आहे, म्हणून इथे तेवढंच बोलू.

गणितात -3² म्हणजे -9. घात फक्त त्याला चिकटून डावीकडे जे आहे त्यालाच लागतो. 2x² मध्ये वर्ग x चा होतो, 2 चा होत नाही, हे सगळे मान्य करतात. तसाच -x² मध्ये वर्ग x चा होतो, चिन्हाचा होत नाही. चिन्हालाही वर्गात घ्यायचं असेल तर कंस हवा: (-3)² = 9.

हा नियम कोणी लहर म्हणून ठरवलेला नाही. पिंगळा यांचं म्हणणं मानलं तर काय होतं ते पाहा. 5 - 3² म्हणजे 5 - 9 = -4, यावर कोणाचंच दुमत नाही. आता पदं नुसती जागा बदलून लिहू: -3² + 5. पहिल्या पदाचा अर्थ 9 घेतला तर हे 14 होतं. म्हणजे पद जिथे उभं आहे त्यावर त्याची किंमत ठरू लागली. मग पदं इकडची तिकडे नेणं, सजातीय पदं एकत्र करणं, समीकरणाच्या पलीकडच्या बाजूला पद चिन्ह बदलून पाठवणं, हे सगळं बंद करावं लागेल. ताईंना एक्सेलमध्ये नेमकं हेच दिसलं: सुरुवातीला असलेलं -A2^2 आणि शेवटी असलेलं -A2^2 यांच्या किमती वेगळ्या आल्या.

एक्सेलमध्ये `^` च्या आधी ऋणचिन्ह लागतं, असं त्यांनी ठरवलेलं आहे आणि त्यांच्या मदतीच्या पानावर क्रियांच्या यादीत ते लिहिलेलंही आहे. पण वजाबाकीचं चिन्ह मात्र `^` च्या नंतर लागतं. दोन्ही चिन्हं एकाच कळीने उमटतात. लगेच डावीकडे संख्या, सेल किंवा बंद होणारा कंस असेल तर ते वजाबाकी समजतं, नसेल तर ऋणचिन्ह. म्हणून `=1-4*A2-A2^2` बरोबर येतं.

---

मृण्मयी_द

आता उजेड पडला. म्हणजे एक्सेलने माझी बहुपदी x² - 4x + 1 म्हणून वाचली.

पण मग भाचीचं 22 कसं आलं? तिला एक्सेलचा नियम माहीत असण्याची शक्यताच नाही.

---

मास्तर_निवृत्त

तिची पायरी-पायरीने वही लिहा इथे. उत्तरावरून चूक ओळखता येत नाही.

---

मृण्मयी_द

जसंच्या तसं:

- -3² - 4×-3 + 1
= 3² + 12 + 1
= 9 + 12 + 1
= 22

पहिल्या ओळीत सुरुवातीला दोन वजा शेजारी आहेत. "वजा वजा अधिक" म्हणाली.

---

मास्तर_निवृत्त

वाटलंच होतं. तिची चूक आणि एक्सेलचं वाचन या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत, उत्तर मात्र एकच येतं.

एक्सेलने काय केलं? A2 मध्ये -3 आहे. बाहेरचं ऋणचिन्ह आधी लावलं, 3 झाले, मग वर्ग, 9.

भाचीने काय केलं? x च्या जागी -3 लिहिताना कंस दिला नाही. त्यामुळे बाहेरचं चिन्ह आणि संख्येचं चिन्ह एकमेकांना भिडले आणि वर्ग होण्याआधीच कटले. उरलं 3², म्हणजे 9. घात आधी आणि चिन्ह नंतर हा नियम तिला कदाचित पक्का येतही असेल. तिने घालवलाय तो कंस.

x ऋण असेल तेव्हा या दोन्ही वाटा दर वेळी एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून ऋण किंमत घेऊन हे कधीच सुटणार नाही. तिला x = 3 घ्यायला सांगा. खरं उत्तर -9 - 12 + 1 = -20. एक्सेलचा तो फॉर्म्युला 9 - 12 + 1 = -2 देईल. भाचीचं -20 आलं तर नियम तिला येतो, फक्त किंमत घालताना कंस सुटतो. तिचंही -2 आलं तर मात्र ती चिन्हासकट वर्ग करते आहे, आणि मग दुसरं काही समजवावं लागेल.

---

अनघा_शिकवते

मास्तरांना अनुमोदन. सातवी-आठवीला मी बरीच वर्षं शिकवते आहे. किंमत घालताना कंस सोडणं ही या भागातली मला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. मी मुलांना दोन टप्प्यांत लिहायला लावते. आधी अक्षर पुसून रिकामा कंस:

-( )² - 4( ) + 1

हे लिहून झाल्याशिवाय संख्येला हात लावायचा नाही. मग कंस भरायचे:

-(-3)² - 4(-3) + 1 = -9 + 12 + 1 = 4

मुलं कुरकुरतात, एक ओळ जास्त लिहावी लागते. पण x हे अक्षर स्वतःच एक बंद डबा आहे. x² लिहिलं की त्या डब्यात जे काही आहे त्या सगळ्याचा वर्ग, चिन्हासकट. अक्षर गेलं की डबा जातो, म्हणून त्याच्या जागी कंस यायलाच हवा. एक्सेलमध्ये नुसतं `=A2^2` लिहिलं तर -3 साठी 9 येतं आणि ते बरोबरच आहे, कारण A2 हा तसाच डबा आहे.

आणखी एक. चाचणीत कधी फक्त घन देऊ नका. -2³ आणि (-2)³ दोन्ही -8 येतात. चुकीचं समजलेल्या मुलालाही पूर्ण गुण मिळतात आणि पुढल्या वर्षी वर्गाच्या सूत्रात ते उघडं पडतं.

---

तुषार_कोकीळ

एवढं कशाला? शाळेत शिकवलेलं कंचेभागुबेव लावा. वजाबाकी सगळ्यांत शेवटी. म्हणून -3² मध्ये वर्ग आधी, वजा शेवटी, उत्तर -9. मिटलं.

---

मास्तर_निवृत्त

तुषारराव, उत्तर बरोबर, वाट धोक्याची. कंचेभागुबेव मध्ये कंस आहे, "चे" आहे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी आहेत. घात कुठे आहे? त्याला अक्षरच नाही. "चे" म्हणजे "निम्म्याचे", "पावाचे" असं जे येतं ते. त्यामुळे घात नेमका कुठे बसवायचा हे प्रत्येक मूल आपापल्या मनाने ठरवतं.

आणि "वजाबाकी शेवटी" हे शब्दशः घेतलं तर 10 - 4 + 3 मध्ये आधी 4 + 3 करून 3 उत्तर येईल. बरोबर उत्तर 9 आहे. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून येईल ते आधी.

---

निनाद_प

तुषार, तुझ्या नियमाने 2⁻³ किती?

---

तुषार_कोकीळ

-8. वजा शेवटी.

---

निनाद_प

1/8 आहे रे. ते चिन्ह घातांकाच्या आत आहे. वर चढवून लिहिलेलं सगळं एका न दिसणाऱ्या कंसात असतं, ते आधी पूर्ण करायचं आणि मगच घात करायचा. पाया 2 आहे, धन आहे, त्यामुळे उत्तर ऋण येऊच शकत नाही. घातांकातलं ऋणचिन्ह व्यस्त करायला सांगतं, उत्तराच्या चिन्हाशी त्याचा संबंध नाही.

दोन्हीकडे चिन्ह असलं की गंमत येते. -2⁻² म्हणजे -1/4. (-2)⁻² म्हणजे 1/4.

---

तुषार_कोकीळ

हे माहीत नव्हतं. म्हणजे एकाच पदावलीत एक वजा सगळ्यांत आधी आणि एक वजा सगळ्यांत शेवटी. मग कंचेभागुबेव पुरत नाही हे मान्य.

---

पिंगळा

मी अजून माझ्या जागेवर आहे, मास्तर. 23² लिहिलं तर तुम्ही फक्त 3 चा वर्ग करून 29 म्हणत नाही. "घात चिकटून असलेल्यालाच लागतो" हे तिथे का चालत नाही? कारण 23 ही एक संख्या आहे. तशीच -3 ही पण एक संख्या आहे. तिथे दोन खुणा मिळून एक संख्या, इथेही दोन खुणा मिळून एक संख्या.

---

मास्तर_निवृत्त

हा प्रश्न चांगला आहे, टोलवणार नाही.

23 मधल्या अंकांमध्ये कुठलीही क्रिया लिहिलेली नाही, ती एका संख्येची खूण आहे. -3 ही संख्या आहे हे शंभर टक्के खरं, पण ती कागदावर उतरवताना आपण "3 ची विरुद्ध संख्या" असं लिहितो, आणि विरुद्ध करणं ही क्रिया आहे. संख्या एक असणं वेगळं आणि तिची खूण एकसंध असणं वेगळं. 1/2 ही सुद्धा संख्यारेषेवरची एकच संख्या आहे, तरी 1/2² असं ओळीत लिहिलं तर ते 1/4 होण्याचं कारण वेगळं: खाली 2² होतो आणि वर 1 तसाच राहतो. 2/3² घ्या. ते 2/9 आहे. पूर्ण अपूर्णांकाचा वर्ग हवा तर (2/3)² लिहावं लागतं, ते 4/9.

आता अक्षर घ्या. -a² मध्ये -a ही "ऋण संख्या" आहे का? a जर -7 असेल तर -a धन आहे. मग तिथे चिन्ह अंगाचं की बाहेरचं? अंकांसाठी एक नियम आणि अक्षरांसाठी दुसरा असं केलं तर a च्या जागी किंमत घालताच अर्थ बदलेल. म्हणून दोन्हींना एकच नियम.

---

पिंगळा

अक्षराचा मुद्दा पटला. पण मग एक्सेलने तर अंक आणि अक्षर, दोन्हींना एकच नियम लावलाय, फक्त उलटा. त्यात आतल्या आत विसंगती नाही. त्याला चूक कसं म्हणता? तो वेगळा संकेत आहे.

---

देवयानी_कोड

इथे मी थोडी भर घालते, कारण रोज तीन-चार भाषांत लिहावं लागतं.

गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क दोन्ही एक्सेलसारखंच `=-3^2` ला 9 देतात. पायथनमध्ये:

```
>>> -3**2
-9
>>> (-3)**2
9
>>> x = -3
>>> x**2
9
```

मॅटलॅबमध्येही -9. `bc` मात्र 9 देतं. सगळ्यांत नवल म्हणजे एक्सेलच्या आतच, मॅक्रो लिहायच्या व्हीबीएमध्ये, `-3^2` चं उत्तर -9 येतं. म्हणजे सेलमध्ये एक आणि त्याच फाइलच्या मॅक्रोमध्ये दुसरं. पिंगळा, हा वेगळा संकेत आहे असं म्हणा हवं तर, पण एका छताखाली दोन संकेत आहेत.

मला जावास्क्रिप्टची पद्धत आवडते. 2016 मध्ये तिथे `**` आलं, आणि `-3**2` लिहिलं तर ती उत्तरच देत नाही, लिहिण्यातली चूक म्हणून थांबते. `-(3**2)` की `(-3)**2` ते तुम्ही सांगायचं.

---

हेमंत_आकडे

या धाग्यावर यायला मला उशीर झाला, पण माझे दोन दिवस नेमके यातच गेले होते म्हणून लिहितो.

घंटेच्या आकाराचा वक्र काढायचा होता. शेजारचे स्थिरांक सोडले तर सूत्र e च्या डोक्यावर -x²/2. मी लिहिलं:

```
=EXP(-A2^2/2)
```

आधी x = 0 ला तपासलं, 1 आलं, बरोबर. खूश होऊन खाली ओढलं. x = 3 ला यायला हवं होतं साधारण 0.011. आलं 90.017. वक्र घंटेसारखा खाली बसण्याऐवजी दोन्ही बाजूंना आकाशात. मी आधी विदा तपासली, मग EXP चा अर्थ तपासला, मग फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली. चिन्हाकडे लक्षच गेलं नाही, कारण कागदावरचं सूत्र आणि सेलमधलं सूत्र डोळ्यांना हुबेहूब सारखंच दिसत होतं.

शून्याला तपासणं हीच माझी चूक. शून्याचा वर्ग कसाही वाचा, शून्यच. मृण्मयीताईंच्या यादीतही पाहा, x = 0 ला दोन्ही वाचनांत 1 आहे. तपासायला 1 किंवा 2 घ्यावा.

`=EXP(-(A2^2)/2)` केल्यावर घंटा बसली.

---

ऋता_ले

माझं नेमकं उलट झालं! चिन्ह पुढे-मागे जाणारी मालिका होती: 1 - 1/3 + 1/5 - 1/7 ... जी π/4 कडे जाते. शीटमध्ये चिन्हासाठी `-1^A2` लिहिलं होतं, A2 मध्ये 0, 1, 2, 3... ते छान चालायचं, हजार पदांना 0.785 यायचं. मग ते पायथनमध्ये नेलं:

```
for n in range(4):
    print(-1**n)
```

चारही वेळा -1. बेरीज नुसती खाली खाली जात राहिली, कुठे थांबेचना. म्हणजे शीटमध्ये मी चुकीचं लिहिलेलं होतं, आणि शीटने ते मला हवं तसं वाचलं म्हणून माझी चूक झाकली गेली. `(-1)**n` हवं होतं. कागदावरही मी वर्षानुवर्षं कंसाशिवायच लिहीत आले होते.

---

देवयानी_कोड

ऋता, हे फार उपयोगी उदाहरण आहे. हेमंतरावांनी बरोबर लिहिलेलं शीटने बिघडवलं, तुझं चुकीचं लिहिलेलं शीटने तारलं. म्हणून "शीटमध्ये चाललं म्हणजे सूत्र बरोबर" हे म्हणता येत नाही.

---

आबा_वाचनालय

मी गणितातला नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. गणिताच्या पुस्तकात हाच प्रश्न मला रोज पडतो. "उणे तीनचा वर्ग" असं वाचलं तर ऐकणाऱ्याने काय लिहायचं? मराठीत "चा" प्रत्यय तीनला लागतो, पण "उणे तीन" या जोडीलाही लागू शकतो. कानाला दोन्ही सारखंच.

मी आता -3² ला "उणे", मग थांबून, "तीनचा वर्ग" असं वाचतो. (-3)² ला "कंसात उणे तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग". पण थांबणं घाईत निसटतं. कोणी याहून चांगलं सुचवेल का?

---

अनघा_शिकवते

आबा, तुम्ही वर्गातल्या गोंधळाचं मूळच सांगितलंत. आम्ही फळ्यावर लिहिताना तोंडाने "वजा तीनचा वर्ग" म्हणतो आणि मुलं ऐकून लिहितात. फळ्यावर कंस असतो, तोंडात नसतो.

मी पहिल्यासाठी "तीनच्या वर्गाची विरुद्ध संख्या" म्हणून पाहिलं आहे. अर्थ एकच निघतो, थांबण्यावर काही अवलंबून राहत नाही. अडचण एवढीच की लांबलचक बहुपदी अशी वाचता येत नाही.

---

आबा_वाचनालय

सुट्या पदांसाठी हे वापरून बघतो. बहुपदीत प्रत्येक पदाआधी "पुढचं पद, ऋण" असं म्हणावं का, याचा विचार करतोय. मुलांनाच विचारतो काय सोपं जातं ते.

---

शिरीष_७१

अवांतर: घरात जुना, एका ओळीचा कॅल्क्युलेटर आहे. 3 दाबून +/- ची कळ, मग x² ची कळ. 9. दुसऱ्यावर, ज्यात पूर्ण ओळ दिसते, त्यात -3² लिहून = केलं तर -9. वाटलं एक बिघडला.

---

मास्तर_निवृत्त

बिघडलेला नाही, शिरीषराव. जुन्या यंत्राला पदावली कळत नाही. पडद्यावर या क्षणी जी संख्या आहे तिच्यावर ते कळ चालवतं. +/- दाबल्यावर पडद्यावर -3 आहे, x² ने त्याचा वर्ग केला. म्हणजे तुम्ही (-3)² विचारलंत. -3² हवं असेल तर 3, मग x², मग +/-. नव्या यंत्रात तुम्ही पदावली लिहिता आणि ते ती वाचतं. नव्यातही आधीचं उत्तर -3 असताना थेट वर्गाची कळ दाबलीत तर 9 येईल, कारण आधीचं उत्तर हाही अनघाताईंचा बंद डबाच.

---

पिंगळा

कागदावर -3² = -9 हे मी आता मान्य करतो. 5 - 3² ची जागा बदलून पाहिली आणि तिथे अडलो. एक्सेलला "चूक" म्हणायला मात्र अजून तयार नाही. त्यांनी नियम लिहून ठेवलाय आणि कोट्यवधी जुन्या फाइली त्यावर चालतात. आज बदलला तर ऋताताईंच्या शीटसारखी कितीतरी शीटं बिघडतील.

---

देवयानी_कोड

बदलू नये हे मान्य. पण सुरुवातीला तसं ठरवायला नको होतं, हे माझं मत राहील.

---

मृण्मयी_द

सगळ्यांचे आभार. भाचीला x = 3 दिलं, कारण न सांगता. तिने -20 काढलं. म्हणजे मास्तर म्हणाले तसंच, नियम तिला येतो, कंस सुटतो. मग अनघाताईंचे रिकामे कंस लिहायला लावले, -3 साठी 4 आलं. तिने स्वतःहून उरलेल्या किमती काढल्या: -4, 1, 4, 5, 4, 1, -4. दोन्ही बाजूंनी सारख्या उतरणाऱ्या किमती पाहून ती म्हणाली, "हां, ही वाटी." टोक x = -2 ला, उंची 5.

एक प्रश्न राहिला. माझ्याकडे कामाच्या जुन्या शीट आहेत, शेकडो फॉर्म्युले. कुठे असा घोटाळा लपला असेल तर शोधायचा कसा?

---

हेमंत_आकडे

मी असं केलं होतं. फॉर्म्युले दिसतील असा पर्याय चालू करायचा आणि `^` शोधायचं. प्रत्येक `^` च्या पायाच्या लगेच डावीकडे `-` आहे का पाहायचं. असेल तर त्या `-` च्याही डावीकडे बघायचं. तिथे संख्या, सेल किंवा बंद होणारा कंस असेल तर ती वजाबाकी आहे, सोडून द्या. `=`, उघडणारा कंस, स्वल्पविराम किंवा `*`, `/` असेल तर ते ऋणचिन्ह आहे, तिथे थांबा. घातांक विषम असेल तर उत्तर तेच येतं, तरी कंस घाला, उद्या कोणी 3 चा 2 करेल.

---

मृण्मयी_द

शोधलं. दोन सापडले. एकात घात 3 होता. दुसऱ्यात 2 आहे, आणि त्याच्या आधी `*` आहे. तो आकडा कुठे कुठे वापरला गेलाय ते आता उद्या बघते.